फुटिंगच्या जाळीत सळ्या १० की ११? खड्ड्यात काँक्रीट पडण्याआधी करायचा पाच मिनिटांचा हिशोब

समजा, नाशिकच्या बाहेरच्या बाजूला तुमचा छोटा प्लॉट आहे. वरची काळी माती काढून खड्डे मुरुमापर्यंत गेलेत, तळाला पीसीसी झालंय आणि फिटर सळ्यांची जाळी बांधतोय. इंजिनियरच्या ड्रॉइंगवर लिहिलंय: फुटिंग १५०० × १८०० मिमी, १० मिमीच्या सळ्या, दोन्ही दिशांना १५० मिमी अंतरावर, कव्हर ५० मिमी. फिटर म्हणतो, "पंधराशे भागिले दीडशे, दहा. अठराशे भागिले दीडशे, बारा. झालं की!"

भागाकार अगदी बरोबर आहे आणि दशांशही उरत नाही, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण या ड्रॉइंगप्रमाणे उत्तर १० आणि १२ नाही, तर ११ आणि १३ आहे. कसं, ते बघू.

आधी एक गोष्ट. कॉलमवरून घराचं वजन फुटिंगवर येतं आणि खालून जमीन फुटिंगला वर रेटते. त्यामुळे कॉलमच्या बाहेर आलेला फुटिंगचा भाग वर वाकायला बघतो आणि त्याची खालची बाजू ताणली जाते. ताण सोसणं काँक्रीटला जमत नाही, ते काम सळ्या करतात. म्हणूनच जाळी फुटिंगच्या तळाशी असते.

सूत्र हे असं

सळ्यांची संख्या = (रुंदी − २ × कव्हर) ÷ अंतर + १

कव्हर म्हणजे सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांच्यामधलं काँक्रीट. माती आणि ओलावा सळईपर्यंत पोहोचू नये, तिला गंज लागू नये, म्हणून ते ठेवतात. फुटिंगसाठी हे कव्हर किमान ५० मिमी हवं, असं आयएस ४५६ : २००० हे भारतीय मानक सांगतं. कव्हर दोन्ही बाजूंना लागतं, म्हणून दोनदा वजा होतं. १५०० मधून १०० गेले, उरले १४००. सळ्या मांडायला जागा एवढीच.

आता १४०० ÷ १५० = ९.३३. म्हणजे नऊ गाळे आणि वर थोडी जागा. इथे आकडा खाली आणायचा नाही, वर न्यायचा. कारण ड्रॉइंगवरचं १५० मिमी ही जास्तीत जास्त मर्यादा असते. नऊच गाळे केले, तर प्रत्येक गाळा साधारण १५६ मिमीचा होईल. दहा केले, तर १४० मिमीचा. म्हणून दहा गाळे.

मग "+ १" कशाला? द्राक्षबागेतली एक ओळ आठवा. दोन खांबांमध्ये एक गाळा असतो, तीन खांबांमध्ये दोन. खांब गाळ्यांपेक्षा नेहमी एकाने जास्त. तसंच दहा गाळ्यांना ११ सळ्या लागतात.

दुसऱ्या बाजूला १८०० − १०० = १७००. भागिले १५० केले की ११.३३, म्हणजे १२ गाळे आणि १३ सळ्या.

इथे एक गफलत हमखास होते. लांब सळ्या मोजायच्या, तर फुटिंगची रुंदी धरायची. लांब सळ्या १८०० च्या दिशेने आडव्या पडतात, पण एकीशेजारी एक अशा मांडल्या जातात त्या १५०० च्या बाजूने. म्हणून लांब सळ्या ११. त्यांची लांबी १७०० मिमी, कारण टोकांनाही कव्हर लागतं. आखूड सळ्या १३, प्रत्येकी १४०० मिमी. ड्रॉइंगमध्ये टोकं वर वळवायला सांगितली असतील, तर ती लांबी वेगळी धरायची.

कमी पडतं किती?

फिटरच्या हिशोबात प्रत्येक फुटिंगमध्ये एक लांब आणि एक आखूड सळई कमी पडते. म्हणजे ३.१ मीटर लोखंड. १० मिमीच्या सळईचं वजन मीटरला साधारण ०.६२ किलो, म्हणजे एका फुटिंगमागे दोन किलोच्या आत. बारा कॉलमचं घर धरलं, तर सगळं मिळून २३ किलो, बाजारात मिळणाऱ्या १२ मीटरच्या तीन सळ्यांपेक्षा जरा जास्त. पण लांब दिशेला ११ च्या जागी १० पडल्या, तर त्या दिशेची ताकद देणारं लोखंड नऊ टक्क्यांनी घटतं. आणि एकदा काँक्रीट पडलं, की पुढे कुणी कितीही खटपट केली तरी ती सळई आत घालता येत नाही.

फिटरला बोल लावण्याआधी

ड्रॉइंगवरचं कव्हर पुन्हा वाचा. फळ्या न लावता काँक्रीट थेट मातीच्या कडेला ओतायचं असेल, तर बरेच इंजिनियर ७५ मिमी कव्हर देतात. तेव्हा १५०० − १५० = १३५०, भागिले १५० बरोबर ९, म्हणजे सळ्या १०. दुसऱ्या बाजूला १६५० ÷ १५० = ११, म्हणजे १२ सळ्या. फिटरचे १० आणि १२ इथे अगदी बरोबर ठरतात! मात्र त्याने केलेल्या भागाकारामुळे नाही. कव्हर वजा न करणं आणि एक न मिळवणं या दोन चुकांनी इथे एकमेकींना भरून काढलं, एवढंच.

उलटंही घडतं. कुणी एक मिळवतो, पण कव्हर विसरतो. १५०० ÷ १५० + १ = ११. आकडा बरोबर आला, पण त्या सळ्या १५०-१५० वर मांडल्या तर पहिली आणि शेवटची सळई फुटिंगच्या अगदी कडेला जाते. तिथे कव्हर शून्य. म्हणून नुसती संख्या मोजून भागत नाही.

साईटवर काय बघायचं?

जाळी बांधून झाली की टेप घ्या. आपल्या उदाहरणात पहिल्या लांब सळईच्या बाहेरच्या कडेपासून शेवटच्या लांब सळईच्या बाहेरच्या कडेपर्यंत १४०० मिमी भरायला हवेत. मग सळ्या मोजा. नंतर मधले कुठलेही पाच गाळे एकत्र मोजा, ते ७५० मिमीपेक्षा जास्त नकोत. एकेक गाळा थोडा मागेपुढे असतोच, पाच एकत्र मोजले की खरं चित्र कळतं. शेवटी जाळीखाली ५० मिमीचे कव्हर ब्लॉक आहेत ना, ते बघा. विटांचे तुकडे किंवा खडी चालत नाही. वीट पाणी शोषते आणि खडी सरकली की जाळी पीसीसीवर बसते.

सूत्राची मर्यादाही लक्षात ठेवा. ते फक्त सळ्या मोजतं. फुटिंग किती रुंद आणि सळई किती जाडीची, हे जमिनीची ताकद आणि घराचं वजन बघून इंजिनियर ठरवतो. फुटिंग आयताकृती असेल, तर आखूड सळ्या मधल्या पट्ट्यात जास्त दाट ठेवायला आयएस ४५६ सांगतं. ड्रॉइंगवर तसं दाखवलं असेल, तर मधला पट्टा आणि कडेचे पट्टे वेगवेगळे मोजायचे. आणि तुमची मोजणी ड्रॉइंगशी जुळत नसेल, तर सळई वाढवायची की नाही हे इंजिनियरला विचारा, पण काँक्रीटची गाडी येण्याआधी.