फाइल स्थानांतरण प्रोटोकॉल : सक्रिय व निष्क्रिय रीती

फाइल स्थानांतरण प्रोटोकॉल (एफटीपी) : संगणक-जालातील एका संगणकावरील फाइल दुसऱ्या संगणकावर नेण्यासंबंधीच्या नियमांचा संच. याचा पहिला मसुदा मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील अभय भूषण या भारतीय अभियंत्यांनी एप्रिल १९७१ मध्ये आरएफसी ११४ या टिपणात मांडला. जॉन पोस्टेल व जॉइस रेनल्ड्झ यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये सिद्ध केलेला आरएफसी ९५९ हा त्याचा पुढे प्रमाण मानला गेलेला पाठ होय.

या प्रोटोकॉलाचे वैशिष्ट्य असे की, त्यात एका कामासाठी दोन स्वतंत्र जोडण्या वापरल्या जातात. पहिली नियंत्रण-जोडणी. ती क्लायंट म्हणजे सेवा मागणारा संगणक सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या पोर्टाशी जोडतो व तीवरून आज्ञा आणि त्यांची उत्तरे जातात-येतात. दुसरी विदा-जोडणी. प्रत्यक्ष फाइल किंवा फाइलींची यादी हिच्यावरून जाते आणि प्रत्येक फाइलीसाठी ती नव्याने उभारली जाते. ही दुसरी जोडणी दोघांपैकी कोणी सुरू करावयाची, यावरून सक्रिय व निष्क्रिय या दोन रीती पडतात. ही विशेषणे सर्व्हरला उद्देशून आहेत, हे ध्यानात ठेवल्यास घोटाळा होत नाही. सर्व्हर स्वतः जोडणी करू लागला तर सक्रिय रीत. तो नुसता वाट पाहत राहिला व क्लायंट जोडणी करू लागला, तर निष्क्रिय रीत.

सक्रिय रीत ही मूळची. तीत क्लायंट आपल्याकडील एक पोर्ट उघडून त्याचा पत्ता PORT या आज्ञेने सर्व्हरला कळवितो. सर्व्हर आपल्या २० क्रमांकाच्या पोर्टावरून त्या पत्त्याशी जोडणी करतो. अर्पानेटवरील कोणताही संगणक दुसऱ्या कोणत्याही संगणकाशी थेट जोडणी करू शकत असे. त्यामुळे जोडणी कोणत्या दिशेने सुरू होते, याला त्या काळी काहीच महत्त्व नव्हते.

निष्क्रिय रीतीची PASV ही आज्ञा पुढील काळातील अडथळ्यांसाठी योजलेली नव्हती. एका ठिकाणी बसलेल्या वापरकर्त्यास दुसऱ्या दोन संगणकांमध्ये परस्पर फाइल पाठविता यावी, ही गरज जानेवारी १९७३ मध्ये बॉब टॉमस व बॉब क्लेमंट्स यांनी आरएफसी ४३८ मध्ये मांडली होती. दोन सर्व्हर एकमेकांशी जोडावयाचे, तर त्यांपैकी एकाने वाट पाहणे भाग असते. आरएफसी ९५९ मधील कृती अशी : वापरकर्ता एका सर्व्हरला PASV ही आज्ञा देतो, त्याने कळविलेला पत्ता PORT आज्ञेने दुसऱ्यास सांगतो आणि मग फाइल त्या दोघांमध्ये सरळ जाते.

१९९० नंतर परिस्थिती पालटली. संस्थांनी आपल्या जालाच्या सीमेवर फायरवॉल उभारल्या. त्यांचा सामान्य नियम असा की, आतून बाहेर सुरू झालेली जोडणी जाऊ द्यावी; बाहेरून आत येऊ पाहणारी अडवावी. सक्रिय रीतीतील विदा-जोडणी नेमकी बाहेरून येते व तीही दर वेळी वेगळ्या पोर्टावर, म्हणून तिच्यासाठी दार उघडे ठेवणे म्हणजे हजारो पोर्ट उघडे ठेवणे होय. एटी अँड टी बेल प्रयोगशाळेतील स्टीव्हन बेलोव्हिन यांनी फेब्रुवारी १९९४ मध्ये आरएफसी १५७९ मध्ये यावर उपाय सुचविला. प्रोटोकॉल बदलण्याची गरज नाही. क्लायंटांनी PORT ऐवजी PASV वापरावी, एवढेच पुरे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मे १९९४ मध्ये आरएफसी १६३१ मध्ये पत्ता-रूपांतराची पद्धतही वर्णन करण्यात आली. तिच्यामुळे राउटरामागील अनेक संगणक एकाच सार्वजनिक पत्त्याने व्यवहार करू लागले व सक्रिय रीतीला दुसरी अडचण निर्माण झाली.

ही अडचण उदाहरणाने स्पष्ट होईल. घरातील संगणकाचा खासगी पत्ता 192.168.1.10, राउटराचा सार्वजनिक पत्ता 203.0.113.5 व सर्व्हरचा पत्ता 198.51.100.20 आहे, असे समजू. सक्रिय रीतीत क्लायंट पुढील आज्ञा पाठवितो :

```
PORT 192,168,1,10,195,80
```

पहिले चार अंक पत्त्याचे व शेवटचे दोन पोर्टाचे आहेत. पोर्ट क्रमांक १९५ × २५६ + ८० = ५०,००० असा निघतो. राउटर पुडक्यावरील पाठविणाऱ्याचा पत्ता बदलतो. पण आज्ञेच्या मजकुरात लिहिलेला पत्ता तसाच राहतो. सर्व्हरला तो खासगी पत्ता इंटरनेटवर सापडणे शक्य नसते. सार्वजनिक पत्ता सांगितला, तरी ५०,००० पोर्टावर आलेली जोडणी आतील कोणत्या संगणकाकडे द्यावी, हे राउटराला ठाऊक नसते. निष्क्रिय रीतीत PASV आज्ञेला सर्व्हर असे उत्तर देतो :

```
227 Entering Passive Mode (198,51,100,20,156,64)
```

येथे पोर्ट १५६ × २५६ + ६४ = ४०,००० आहे. क्लायंट त्याच्याशी आतून बाहेर जोडणी करतो. राउटर तिची नोंद घेतो व उत्तरे आपोआप योग्य संगणकाकडे पोहोचवितो.

दोष ओळखण्याची खूण अशी की, नाव व परवलीचा शब्द स्वीकारला जातो, कारण नियंत्रण-जोडणी सुरळीत असते. परंतु फाइलींची यादी मागताच काम थांबते व काही वेळाने 425 हा क्रमांक असलेले उत्तर येते. काही सर्व्हर PORT आज्ञाच नाकारतात. काही राउटर आज्ञेचा मजकूर वाचून त्यातील पत्ता बदलतात व येणाऱ्या जोडणीला वाट देतात. पण आरएफसी ४२१७ (२००५) प्रमाणे नियंत्रण-जोडणी सांकेतिक केली असता राउटराला ती वाचता येत नाही आणि हा उपाय निरुपयोगी ठरतो.

निष्क्रिय रीतीने अडचण नाहीशी होत नाही, ती सर्व्हरकडे सरकते. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये पोर्टांचा एक ठराविक पट्टा, उदा., ५०,००० ते ५०,१००, उघडावा लागतो व सर्व्हरलाही त्याच पट्ट्यात राहण्यास सांगावे लागते. सर्व्हर स्वतःच पत्ता-रूपांतरामागे असेल, तर 227 या उत्तरात तो आपला खासगी पत्ता कळवितो आणि क्लायंट फसतो. म्हणून त्याचा सार्वजनिक पत्ता त्याच्या मांडणीत नोंदवावा लागतो. सप्टेंबर १९९८ मधील आरएफसी २४२८ मध्ये EPSV ही आज्ञा आली. तिच्या उत्तरात केवळ पोर्ट क्रमांक असतो. क्लायंट नियंत्रण-जोडणीचाच पत्ता वापरतो व चुकीचा पत्ता जाण्याचा प्रश्न राहत नाही. तरीही अनेक सर्व्हरांपेक्षा क्लायंटांची संख्या मोठी व त्यांचे राउटर सामान्य माणसाच्या हाती असल्याने, ही तजवीज जाणकार व्यवस्थापकाकडे सोपविणेच सोयीचे ठरले.

PASV ज्या कामासाठी योजली गेली, ते मात्र मागे पडले. PORT आज्ञेत तिसऱ्याच संगणकाचा पत्ता देऊन सर्व्हरकरवी त्याच्यावर जोडण्या लादण्याचा गैरप्रकार १९९५ पासून माहीत झाला. तो टाळण्यासाठी बहुतेक सर्व्हर PORT मधील पत्ता नियंत्रण-जोडणीच्या पत्त्याशी जुळला तरच मानतात आणि त्यामुळे दोन सर्व्हरांमधील परस्पर स्थानांतरणही बंद झाले.