तव्यावरचा मऊ पॅनकेक : पीठ, तवा आणि उलटण्याची वेळ

मैदा, दूध आणि अंडे यांच्या पिठाचा, तव्यावर भाजलेला, साधारण बोटभर जाड आणि आतून जाळीदार असा हा गोडसर प्रकार. मुलांच्या डब्याला किंवा रविवारच्या न्याहारीला तो आता आपल्या घरांतही होतो. दिसायला तो धिरड्याच्या कुळातला वाटतो, म्हणून धिरड्याच्या सवयीने केला जातो आणि तिथेच फसतो. धिरडे पातळ पसरतात, वर झाकण ठेवतात आणि कडा सुटल्या की उलटतात. पॅनकेक पसरायचा नसतो, झाकायचा नसतो आणि त्याची उलटण्याची खूण कडांपेक्षा वरच्या बुडबुड्यांत असते.

सहा-सात लहान पॅनकेकसाठी मैदा 125 ग्रॅम, म्हणजे मापाचा एक सपाट कप, घ्यावा. त्यात दीड लहान चमचा बेकिंग पावडर, एक मोठा चमचा साखर आणि पाव लहान चमचा मीठ घालून चाळून घ्यावे. दुसऱ्या भांड्यात एक अंडे फेटून त्यात 180 मिली दूध आणि दोन मोठे चमचे वितळवलेले लोणी मिसळावे. दूध फ्रिजमधून काढलेले थंडगार असेल तर लोणी पुन्हा गोठून त्याच्या कण्या होतात, म्हणून ते आधी बाहेर काढून ठेवावे. मग ओले मिश्रण कोरड्यात ओतून डावाने हलकेच ढवळावे आणि कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबावे. लहान गुठळ्या राहिल्या तरी राहू द्याव्यात.

हे थांबणे आपल्या हाताला अवघड जाते, कारण गुठळी मोडल्याशिवाय चैन पडत नाही. पण मैदा ओला करून जितका घोटावा तितका त्याला चिवटपणा येतो. पोळीच्या कणकेत आपल्याला तो हवाच असतो. पॅनकेकमध्ये त्यामुळे रबरासारखा घास होतो. उरलेल्या गुठळ्या पीठ दहा मिनिटे झाकून ठेवले की बऱ्याचशा भिजून विरतात. तयार पीठ घावनाच्या पिठापेक्षा बरेच घट्ट असावे. डाव उचलून ओतले तर त्याची जाड धार पडावी आणि ती क्षणभर पिठावर दिसून मग मिसळावी.

बेकिंग पावडरऐवजी खायचा सोडा चालेल का, असे नेहमी विचारले जाते. नुसत्या दुधाच्या पिठात चालत नाही. सोड्याला वायू सोडायला आंबट काहीतरी लागते. ते नसेल तर पॅनकेक नीट फुलत नाही आणि जिभेला साबणासारखी चव लागते. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि त्याला लागणारी आम्लता दोन्ही असतात. सोडाच वापरायचा असेल तर दुधाच्या जागी आंबट ताक घ्यावे, आणि सोडा पाव लहान चमच्यापेक्षा थोडासाच अधिक पुरतो.

आता तवा. पोळीचा खोलगट तवा यासाठी बरोबर नाही, कारण पीठ मध्यभागी साचते. कडा भाजून कोरड्या होतात तरी पोट कच्चेच राहते. डोशाचा सपाट तवा घ्यावा. बिडाचा असेल तर उत्तम, पण तो मंद आचेवर चार-पाच मिनिटे सावकाश तापवावा. तापला का, हे पाण्याच्या थेंबावरून कळते. थेंब जागच्या जागी बसून हळूहळू उकळला तर तवा थंड आहे. चुर्र होऊन फुटला आणि दोन-तीन सेकंदांत उडून गेला तर ठीक. मोत्यासारखा गोळा होऊन तव्यावर पळत सुटला तर तवा फार तापला आहे; गॅस बंद करून मिनिटभर थांबावे. तेल अगदी थोडे लावून कापडाच्या पुरचुंडीने पुसून घ्यावे. धिरड्यासाठी काहीजणी अर्धा कांदा फिरवतात, तो मात्र इथे नको. गोड पदार्थाला वास लागतो. तेल जास्त राहिले तर खालची बाजू एकसारखी बदामी न होता तिच्यावर ठिपके आणि पांढरे चट्टे उठतात.

मध्यम-मंद आचेवर एक लहान डाव, म्हणजे पाव कप, पीठ एकाच जागी ओतावे. ते आपोआप हाताच्या तळव्याएवढे पसरते. इथून पुढे वर काय दिसते त्यावर लक्ष ठेवावे.

अर्ध्या-पाऊण मिनिटात पहिले बुडबुडे येतात, फुटतात आणि त्यांची जागा लगेच भरून जाते. पुष्कळांना हीच खूण वाटते, पण ती नाही. छिद्र भरून येते याचा अर्थ वरचे पीठ अजून वाहते आहे. आता उलटले तर ते बाजूने ओघळेल आणि आतला वायू निसटून पॅनकेक चपटा होईल. पीठ खालून वर घट्ट होत जाते. जेव्हा फुटलेल्या बुडबुड्याचे छिद्र उघडेच राहते, तेव्हा घट्टपणा वरच्या थरापर्यंत पोचलेला असतो. ही छिद्रे आधी कडेला आणि मग मध्याकडे दिसू लागतात. त्याच सुमारास कडेची बोटभर पट्टी चकाकी सोडून निस्तेज होते. मध्यभाग थोडा ओलसर असताना, पण तिथेही चार-दोन छिद्रे उघडी राहिलेली असताना उलटावे. ठीक तापलेल्या तव्यावर याला दोन ते अडीच मिनिटे लागतात. सगळा पृष्ठभाग कोरडा होईपर्यंत थांबले तर दुसरी बाजू नीट चिकटून भाजत नाही आणि पॅनकेक कोरडा लागतो.

ही खूण तवा बरोबर असेल तरच खरी ठरते, म्हणून पहिला पॅनकेक तव्याच्या परीक्षेचा समजावा. समजा, छिद्रे उघडी राहिली तेव्हा उलटले आणि खालची बाजू काळपट निघाली, तर वेळ चुकली नाही, आच जास्त आहे. पुढचा टाकण्यापूर्वी आच कमी करून बिडाच्या तव्याला निवायला वेळ द्यावा, कारण तो उष्णता धरून ठेवतो. उलट छिद्रे दिसूनही खालची बाजू पांढुरकी असेल तर आच कमी पडते. असा पॅनकेक भाजत बसला की चिवट होतो. मधल्या वेळी कडेखालून उलथणे सरकवून रंग डोकावून पाहायला हरकत नाही.

उलटताना उलथणे पूर्ण खाली घालून, तव्यापासून फार न उचलता, मनगटाने एकदम पालथा करावा. नंतर वरून दाबू नये. धिरडे दाबायची सवय इथे आवरावी लागते; दाबले की जाळी बसते. दुसऱ्या बाजूला मिनिटभर ते दीड मिनिट पुरते. ती बाजू पहिल्यासारखी एकसारखी कधीच रंगत नाही. मध्यभागी बोट टेकवल्यावर खळगा भरून वर आला की उतरवावा.

गोव्यातल्या सभासदांच्या माहितीचे आलेबेले याच मैदा, दूध, अंड्याचे. पण पातळ, बेकिंग पावडरविना आणि पोटात नारळ-गुळाचे सारण. तिथे बुडबुड्यांची वाट पाहू नये. वरचे ओलेपण जाऊन कडा तव्यापासून सुटली की तो झाला.

भाजलेले पॅनकेक एकावर एक रचून झाकले तर वाफेने ओले होतात. पंगत मोठी असेल तर ते जाळीवर सुटे ठेवून वर पातळ फडके टाकावे.