दोन खर्डे, एक निवेदक

सातारच्या प्रतिसरकारावर दोघांनी मिळून एक लेख लिहावा, असे आम्ही ठरवले तेव्हा कामाची वाटणी सोपी वाटली होती. आमच्यापैकी एक साताऱ्याचा. त्याने छापील साधने वाचून खर्डा केला. दुसरा सांगलीकडचा, त्याने कुंडल-वाळवे भागात लहानपणापासून कानांवर आलेल्या हकीकती लिहून काढल्या. प्रथम आम्ही दोन्ही खर्ड्यांतील परिच्छेद आलटूनपालटून जोडले, आणि वाचणाऱ्याला प्रत्येक सांध्यावर ठेच लागू लागली. मग भाषा सारखी करण्यासाठी दुसऱ्या खर्ड्यावर प्रमाणभाषेचा रंधा फिरवला. ठेच नाहीशी झाली, पण त्याबरोबर हकीकतीही निर्जीव झाल्या.

दोष भाषेत नव्हता, हे शेणोलीच्या प्रसंगापाशी उमगले. पहिल्या खर्ड्यात असे होते: ‘७ जून १९४३ रोजी शेणोली येथे रेल्वेगाडी अडवून कर्मचाऱ्यांच्या पगाराची रक्कम हस्तगत करण्यात आली.’ दुसऱ्यात: ‘शेणोलीला आपल्या पोरांनी गाडी धरली अन् सरकारचा पैसा लोकांकडं आणला.’ पहिल्या वाक्यात कर्ताच नाही. दुसऱ्यात कर्ता ‘आपला’ आहे. एक निवेदक दूरच्या कचेरीत बसलेला, दुसरा गावाच्या पारावर. क्रियापदे बदलून ही दोन ठिकाणे एक होत नाहीत. तेव्हा आम्ही दोन्ही वाक्ये बाजूला ठेवली आणि एवढेच विचारले, की कोणी काय केले? उत्तर असे आले: ‘७ जून १९४३ रोजी तुफान सेनेच्या तुकडीने जी. डी. लाड आणि रामचंद्र लाड (कॅप्टन भाऊ) यांच्या नेतृत्वाखाली शेणोलीजवळ गाडी अडवली आणि तीतील पगाराची रक्कम नेली.’ ‘लुटली’ म्हटले तर फिर्यादीचा स्वर येतो, ‘लोकांकडे आणली’ म्हटले तर पोवाड्याचा. ‘नेली’ या साध्या शब्दावर येण्यास आम्हांस एक अख्खी संध्याकाळ लागली.

निवेदक कोठे उभा आहे, याचा दुसरा पेच भूगोलाने घातला. पहिला खर्डा सर्वत्र ‘सातारा जिल्हा’ म्हणत होता, दुसरा ‘सांगली जिल्हा’. १९४३ साली सांगली जिल्हा नव्हताच. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि त्याचे सांगली हे नाव १९६० मध्ये पडले. परंतु ‘सातारा’ म्हणूनही भागत नव्हते. कुंडल त्या वेळी औंध संस्थानात होते, आणि २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील सहकाऱ्यांसह ज्या तुरुंगातून निसटले तो सांगली संस्थानाचा. ब्रिटिश हद्द आणि संस्थानी हद्द एकमेकींत गुंतलेली होती, ही गोष्ट भूमिगतांच्या हालचाली समजून घेताना दृष्टीआड करून चालत नाही. आम्ही दोघांनी मात्र आपापल्या आजच्या जिल्ह्याच्या अभिमानापोटी ती पुसली होती. शेवटी नियम केला, की नावे १९४३ ची वापरायची आणि आजचा जिल्हा पहिल्या उल्लेखाला एकदाच सांगायचा.

सर्वांत अवघड ठरला ‘म्हणे’ हा शब्द. दुसऱ्या खर्ड्यात तो पानोपानी होता. पहिल्याच्या कर्त्याने तो काटेकोरपणाने खोडला, आणि ऐकीव गोष्टी एका रात्रीत सिद्ध झाल्या! ‘पत्री सरकार’ या नावाच्या बाबतीत हे फार महागात पडले असते. बैलाला ठोकतात तशी पत्री माणसाच्या पायाला ठोकली जाई, अशी आख्यायिका त्या भागात अजून सांगतात. शिक्षा म्हणजे तळपायांवर फटके, असेही सांगणारे आहेत. चळवळीतील मंडळी स्वतः ‘प्रतिसरकार’ म्हणत. ‘म्हणे’ काढल्यावर आमच्या लेखात पत्री खरोखरच ठोकली गेली. आणि पहिल्या खर्ड्यातील ‘शरीरदंड देण्यात येई’ तसेच ठेवले असते, तर मार कोणी कोणाला दिला हेच उरले नसते. आम्ही ‘म्हणे’ परत आणला नाही, पण त्याचे काम वाक्यावर सोपवले: ‘अशी आख्यायिका आहे’, ‘असे सांगतात’. जेथे शिक्षा झाल्याबद्दल शंका नव्हती तेथे ‘तुकडीने फटके दिले’ असे कर्त्यासह लिहिले. सांगलीच्या खर्डाकाराला हे रुचले नाही. आपल्या माणसांबद्दल असे उघडे वाक्य त्याच्या घरात कोणी उच्चारले नसते.

आदरार्थी बहुवचनावर तर आमचा चक्क वाद झाला. नाना पाटील ‘आले’ आणि खबऱ्या ‘आला’, हे दोन्ही खर्ड्यांत न ठरवता घडले होते. मराठीत या बाबतीत तटस्थ क्रियापद नाही. निवड करावीच लागते. ज्याचे नाव लेखात येते त्याला बहुवचन द्यायचे, मग तो कोणत्याही बाजूचा असो, असे आम्ही ठरवले. निनावी खबऱ्या तेवढा एकवचनीच राहिला.

हे ठरल्यावर दोन्ही खर्डे मिटून, नुसत्या टिपणांवरून लेख नव्याने लिहिला आणि एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवला. ज्याने जो भाग मूळ लिहिला नव्हता त्याने तो वाचायचा. जीभ अडखळली की खूण करायची. पहिल्या वाचनात सतरा खुणा झाल्या, तिसऱ्यात दोन. त्यांतली एक शीर्षकावर होती: साताऱ्याचा ‘प्रतिसरकार’ वाचतो, सांगलीचा अजूनही ‘पत्री सरकार’.