यती, साकी आणि ‘चाल’ : मराठी नाट्यपदांतील श्वासस्थानांचा इतिहास

प्रस्तावना

गायकाने श्वास कोठे घ्यावा हे मराठी नाट्यपदांच्या छापील संहितेत कोठेही स्वतंत्र चिन्हाने दाखविलेले नसते. पाश्चात्त्य स्वरलिपीत त्यासाठी ओळीच्या वर स्वल्पविराम देतात. आपल्याकडे मात्र ही माहिती पदाच्या डोक्यावरील एका शब्दात सामावलेली असे. इ. स. १८८० ते १९१६ या काळात त्या शब्दाचे स्वरूप कसे बदलले आणि त्याबरोबर श्वासस्थान कसे सरकले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साकीतील श्वासस्थान

संस्कृत छंदःशास्त्रात चरणातील विरामस्थानाला ‘यती’ म्हणतात. मंदाक्रांतेच्या सतरा अक्षरांत चौथ्या व दहाव्या अक्षरानंतर यती येतो. तेथे शब्द पुरा झाला नाही तर यतिभंगाचा दोष मानला जातो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ या नाटकाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्यातील अनेक पद्यांवर ‘साकी’, ‘दिंडी’ अशी जातिनामे आहेत. ज्याला जाती ठाऊक, त्याला विराम ठाऊक. म्हणून वेगळ्या खुणेची गरज नव्हती.

साकीच्या एका चरणात २८ मात्रा असतात आणि सोळाव्या मात्रेनंतर यती येतो. या लेखापुरती रचलेली एक ओळ पाहू : ‘सांज सावळी उतरे रानी, गाय घराला येई’. ‘रानी’पाशी १६ मात्रा पूर्ण होतात, ‘येई’पाशी पुढील १२. एका मात्रेस अर्धा सेकंद धरल्यास पहिला खंड आठ सेकंदांचा होतो व एका श्वासात सहज बसतो. चरणाच्या अखेरीस आठ मात्रांचे चौथे आवर्तन भरण्यास चार मात्रा कमी पडतात. हे रिकामे दोन सेकंद म्हणजे श्वासाची हक्काची जागा होय.

मधल्या यतीपाशी अशी मोकळी जागा नसते. तेथे गायक ‘नी’ या दीर्घ अक्षराच्या दोन मात्रांपैकी एक गातो व दुसरीत श्वास घेतो. खंडाच्या शेवटी दीर्घ अक्षर सोयीचे ठरते ते यासाठीच. लय याच्या निम्मी केली तर हाच खंड सोळा सेकंदांचा होतो आणि आणखी एक श्वास लागतो. वरील ओळीत आठव्या मात्रेवर ‘सावळी’ हा शब्द संपत असल्याने तोही अर्थाला धक्का न लावता घेता येतो.

आता सदोष ओळ पाहू : ‘रानामधुनी गाय सावकाश घरा परतुनि येई’. मात्रा २८च आहेत. कागदावर उणीव दिसत नाही. परंतु सोळावी मात्रा ‘सावका’वर संपते. तेथे श्वास घेतल्यास ‘श’ एकटा पुढच्या खंडात जातो. न घेतल्यास २८ मात्रा, म्हणजे चौदा सेकंद, एका दमात काढाव्या लागतात. दोष डोळ्यांना नव्हे, गाताना कळतो.

चालीकडे संक्रमण

‘शाकुंतला’तही इतर चालींवर बांधलेली पदे होती. तथापि ‘मानापमान’ (१९११) व ‘स्वयंवर’ (१९१६) या खाडिलकरांच्या नाटकांत रागदारी चालींना प्राधान्य आले. पहिल्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी, दुसऱ्याच्या भास्करबुवा बखले यांनी दिल्या. जातिनामाच्या जागी आता मूळ चीजेचा निर्देश करणारा ‘चाल’ हा मथळा महत्त्वाचा ठरला.

येथे श्वासस्थान वृत्तातून तालात गेले. समजा, त्रितालातील चीजेचा मुखडा नवव्या मात्रेपासून उचलायचा आहे. अशा वेळी आठव्या मात्रेच्या आत शब्द संपला पाहिजे. नाहीतर गायकाला शब्द तोडावा लागतो किंवा अपुऱ्या दमावर सम गाठावी लागते. कवीने मूळ चीजेइतकी अक्षरे मोजून बसविली तरी शब्दांच्या सीमा जुळतीलच असे नाही.

स्वरलेखनाची मर्यादा

पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीत तालाचे विभाग, सम, खाली, तसेच अवग्रहाने लांबविलेले अक्षर दाखविता येते. स्वरविस्तारात स्वरसमूह स्वल्पविरामांनी वेगळे केलेले असतात, त्यामुळे थांबण्याच्या जागा कळतात. बंदिशीच्या आलेखात मात्र श्वासाचे स्वतंत्र चिन्ह नाही. उभी रेघ तालाचा विभाग दाखविते, विराम नव्हे. तिलाच विराम समजणारा विद्यार्थी हमखास शब्द तोडतो.

निष्कर्ष

साकी-दिंडीच्या पद्यांत श्वासाची जबाबदारी कवीची होती. चालीच्या पदांत ती कवी, चाल देणारा आणि गायक यांच्यात विभागली गेली. दोन्ही ठिकाणी तिचा छापील पुरावा मथळाच आहे. म्हणून नाट्यपदांच्या आवृत्तीत मथळे गाळून केवळ शब्द छापल्यास पद वाचता येईल. ते कोणत्या दमासाठी लिहिले होते हे मात्र कळणार नाही.