पॉडकास्टच्या भागाची तीस सेकंदांची झलक : स्वरूप आणि पूर्वपीठिका

पॉडकास्टच्या एखाद्या भागाची ओळख करून देणारी तीस सेकंदांची झलक हा श्राव्य लेखनाचा अगदी अलीकडचा प्रकार होय. भागातील एक लक्षवेधी वाक्य आणि तो भाग ऐकण्याचे एक कारण, एवढाच त्याचा ऐवज असतो. या रचनेमागील ऐतिहासिक कारण पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नभोवाणीवरील पूर्वसूचनेत सर्वांत महत्त्वाचा मजकूर वेळेचा असे. कार्यक्रम कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या केंद्रावरून होणार, हे कळले नाही तर श्रोता त्यास कायमचा मुकत असे. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्सली यांच्या लेखात प्रथम आला. २००५ च्या जूनमध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केल्यावर हे माध्यम सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचले. आता भाग केव्हाही ऐकता येऊ लागला आणि वेळेची सूचना निरर्थक ठरली. केव्हाही ऐकता येणारी गोष्ट कधीच ऐकली जात नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्यामुळे ‘केव्हा ऐकावे’ या मजकुराची जागा ‘का ऐकावे’ या मजकुराने घेतली. २०१७ साली ॲपलने फीडमध्ये भागाचा प्रकार नोंदविण्याची सोय केली, तेव्हा पूर्ण भाग व पुरवणी यांच्या जोडीला झलक हा स्वतंत्र प्रकार मानला गेला. त्याची खूण अशी :

```
<itunes:episodeType>trailer</itunes:episodeType>
```

मराठी निवेदन सावकाश केल्यास मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात. म्हणजे तीस सेकंदांत साठ-बासष्ट शब्द मावतात. आरंभीचे संगीत आणि वाक्यानंतरची शांतता वजा जाता हाती पन्नासच उरतात. मुंबईच्या स्थानिक वेळेवरील एक कल्पित भाग उदाहरणादाखल घेऊ. ब्रिटिश सरकारने १९०६ पासून हिंदुस्थानसाठी प्रमाणवेळ ठरविली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती आणि शहरात ती १९५५ पर्यंत टिकून राहिली. या भागाच्या झलकेसाठी प्रथम सुचेल असे वाक्य म्हणजे, ‘सगळ्या हिंदुस्थानची घड्याळे एक झाली, एकट्या मुंबईचे मागे राहिले.’ वाक्य ठसकेबाज आहे, परंतु खोटे आहे. कारण कलकत्त्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नव्हती. भागाच्या ओघात असे विधान पुढच्या वाक्यात दुरुस्त करता येते. झलकेत पुढचे वाक्यच नसते. म्हणून निवडलेले वाक्य संदर्भाविना, एकटे उभे केले तरी खरे राहते काय, ही पहिली कसोटी होय.

दुसरी कसोटी कानाची. ‘एकोणचाळीस मिनिटांचा फरक’ हे शब्द ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे करीत नाहीत. रेल्वे प्रमाणवेळेवर चाले, ही वस्तुस्थिती वापरल्यास तोच फरक दिसू लागतो. त्यानुसार संहिता अशी होईल :

‘स्टेशनात सकाळचे सहा वाजले, की शहराच्या घड्याळात पाच वाजून एकवीस मिनिटे झालेली असत. (दोन सेकंद शांतता) मुंबई, वर्ष १९०६. सरकारने नवी वेळ लागू केली. काही गिरण्यांचा भोंगा एकोणचाळीस मिनिटे आधी वाजू लागला, आणि कामगारांनी दगड उचलले. घड्याळाचा काटा सरकवल्याने मजुराची झोप कशी कापली जाते, हे समजून घ्यायचे असेल, तर ऐका : मुंबईची वेळ.’

संहितेत एकोणपन्नास शब्द आहेत. मात्र ‘१९०६’ हा आकडा लिहिताना एक शब्द असला तरी उच्चारताना दोन होतात, हे विसरल्यामुळे अनेक संहिता ध्वनिमुद्रणाच्या वेळी लांबतात. येथे ऐकण्याचे कारण एकच दिले आहे. नगरपालिकेतील वाद, कलकत्त्याशी तुलना, युद्धकाळात पुढे सरकवलेली घड्याळे हे सारे भागात असले तरी झलकेत आलेले नाही. त्यांपैकी एखादे घातले असते तर शब्द वाढले असते हे खरेच; परंतु मुख्य तोटा असा, की दोन कारणे ऐकलेल्या श्रोत्याच्या लक्षात बहुधा एकही राहत नाही. शिवाय कारण म्हणजे उत्तर नव्हे. कामगारांचा प्रक्षोभ झलकेत सांगितला आहे. त्यांच्या दृष्टीने सूर्योदय आणि कामाची वेळ यांचा संबंध कसा तुटला, हे भागासाठी राखले आहे. संहिता लिहिणारा बहुधा भागाचा संपादकच असतो, आणि त्याला सर्वांत कठीण जाते ते हे राखून ठेवणेच.