व्ह्यू-थ्रू आणि क्लिक कन्व्हर्जन
व्हिडिओ जाहिरातीनंतर झालेल्या खरेदीचे श्रेय त्या जाहिरातीला देण्याच्या दोन पद्धती. जाहिरातीवर क्लिक करून ठरावीक मुदतीत खरेदी झाल्यास क्लिक कन्व्हर्जन, तर क्लिक न करता जाहिरात केवळ पडद्यावर दिसून नंतर खरेदी झाल्यास व्ह्यू-थ्रू कन्व्हर्जन नोंदले जाते.

क्लिकची मोजणी वेब बॅनरपासून रूढ झाली (पहा : बॅनर जाहिरात). व्हिडिओ पाहणारा मात्र तो सोडून दुसरीकडे क्वचितच जातो. वस्तू आवडली तरी नंतर स्वतः शोधून घेतो. ही खरेदी क्लिकच्या हिशेबात येत नाही, म्हणून दुसरी पद्धत वापरली जाते. गूगल अ‍ॅड्समध्ये क्लिकसाठी ३० दिवस आणि व्ह्यू-थ्रूसाठी १ दिवस ही मूळ मुदत असते. वगळता येणारी जाहिरात किमान १० सेकंद पाहिल्यास वेगळा ‘एंगेज्ड-व्ह्यू’ प्रकार लागू होतो.

व्ह्यू-थ्रूचा मुख्य दोष असा, की जी खरेदी जाहिरातीविनाही झाली असती, तीही जाहिरातीच्या खात्यात पडते. विशेषतः संकेतस्थळावर आधी येऊन गेलेल्यांना जाहिरात दाखवल्यास (पहा : रीमार्केटिंग) हा आकडा फुगतो. समजा, १ लाख जणांना जाहिरात दाखवली. एका दिवसात ४० जणांनी क्लिक करून आणि २६० जणांनी क्लिकविना खरेदी केली. यादृच्छिकपणे निवडून जाहिरातीपासून दूर ठेवलेल्या तितक्याच लोकांपैकी २२० जणांनी त्याच दिवसात खरेदी केली. तेव्हा जाहिरातीमुळे वाढलेली विक्री सुमारे ८० : क्लिकच्या दुप्पट, पण एकूण ३०० नोंदींहून बरीच कमी. असा नियंत्रण गट नसेल, तर क्लिक आणि व्ह्यू-थ्रूचे आकडे बेरीज न करता वेगळे दाखवणेच योग्य (पहा : कन्व्हर्जन लिफ्ट).