रेघ की रंगाचा डाग?

मागच्या भागात फोटोतली नको ती वस्तू पुसण्याबद्दल बोललो. आज उलटं: मोकळ्या जागेत हवी ती वस्तू आणायची, तीही हाताने काढलेल्या वेड्यावाकड्या चित्रावरून.

२०१८ साली जिआहुई यू आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. फोटोचा भाग झाकायचा, त्यात चार रेघा ओढायच्या. मॉडेल त्या रेघांना कडा समजून बाकीचं भरायचं. रेघा त्याला कळायच्या, कारण शिकवतानाच प्रत्येक फोटोच्या कडा आपोआप काढून सोबत दिल्या होत्या.

२०२१ मध्ये स्टॅनफर्ड आणि कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी एसडीएडिट आणलं, आणि गंमत अशी की यात चित्र समजून घ्यायला वेगळं शिकवावंच लागत नाही. तुमच्या रंगकामावर नॉइज टाकायचा, म्हणजे टीव्हीवर मुंग्या यायच्या तसा, आणि मग डिफ्यूजन मॉडेलने तो साफ करायचा. नॉइजमध्ये आधी बारीक तपशील बुडतात. मोठे रंगीत डाग तग धरतात. साफ करताना मॉडेल त्या डागांना धरून खरे वाटणारे तपशील भरतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजन खुलं झालं आणि हीच युक्ती लोकांच्या हातात आली. त्याच्या लोकप्रिय वेब यूआयमध्ये Inpaint sketch नावाचा टॅब आहे. तिथे तुम्ही रंगवता तो भागच मास्क होतो.

समजा, रिकाम्या स्टुलावर मातीचा माठ हवाय. विटकरी रंगाचा गोल डाग, वर अरुंद गळा, आणि प्रॉम्प्टमध्ये माठ. आता सगळा खेळ Denoising strength चा. ०.३ ठेवलं तर डाग जवळपास तसाच राहतो, फोटोवर टिकली चिकटवल्यासारखा. ०.९ ला नॉइज इतका की तुमचा आकार जवळजवळ पुसला जातो. माठाऐवजी रांजण आला तर नवल नाही. साधारण ०.६ च्या आसपास माठ माठासारखा दिसू लागतो. तरी सपाट वाटला, तर आकडा वाढवण्याआधी डागाची एक बाजू गडद करा, कारण उजेड कुठून येतोय हेही मॉडेल त्या रंगावरूनच घेतं. सावली हवी असेल तर स्टुलावरही थोडं रंगवा. मास्कच्या बाहेर काही बदलत नाही, त्यामुळे नाहीतर माठ तरंगतो.

आणि इथे काळ्या पेनने नुसती बाह्यरेषा काढून बघा! एकतर ती नॉइजमध्ये बुडते, नाहीतर तिची काळी तार होते. २०१८ च्या मॉडेलला जी रेघ पुरायची, ती इथे कुचकामी. म्हणून तर फेब्रुवारी २०२३ मध्ये ल्वमिन झांग यांचं कंट्रोलनेट आलं तेव्हा चित्र काढणारी मंडळी खूश झाली. त्याच्या स्क्रिबल मॉडेलला पुन्हा रेघांवरच शिकवलेलं होतं. मात्र त्याला माठाचा आकार कळतो, रंग नाही. रंग प्रॉम्प्टमध्ये सांगावा लागतो, किंवा खाली तो विटकरी डाग ठेवावा लागतो.